अक्षरांची चाळणी

पुढील चार अक्षरे पाहा : र, घा, घ, ट. ही जुळवून जुन्नर तालुक्यातील एका गावाचे नाव तयार करायचे आहे. तुमच्यापैकी काहींना ते लगेच दिसेल, काहींना दोन मिनिटे लागतील. ज्यांना लगेच दिसले त्यांना विचारा, "तुला कसे कळले?" बहुधा उत्तर येईल, "सुचले!" सुचणे ही चांगली गोष्ट आहे, पण ती आपल्या हातात नसते. अक्षरे चारऐवजी सहा झाली की सुचणे थांबते आणि मग आपण अंदाजाने अक्षरे इकडून तिकडे हलवत बसतो. तीच तीच जुळणी चार वेळा करून पाहतो आणि एखादी जुळणी एकदाही करून पाहत नाही.

उलटसुलट अक्षरांचे कोडे न सुचताही सुटू शकते का? सुटू शकते. त्यासाठी सर्व शक्य जुळण्यांचा एक ढीग आहे अशी कल्पना करायची आणि तो ढीग एकामागून एक चाळण्यांतून चाळायचा. प्रत्येक चाळणीने किती जुळण्या गळल्या हे मोजताही येते. या चाळण्या कोणत्या, कोणती चाळणी भरवशाची आणि कोणती फसवी, हे या लेखात पाहू.

ढीग केवढा मोठा?

आधी एक गोष्ट ठरवून घेऊ. मराठी शब्दकोड्यात एका चौकोनात एक पूर्ण अक्षर बसते, म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षर यांसह. म्हणून 'घा' आणि 'घ' ही आपल्या दृष्टीने दोन वेगळी अक्षरे झाली. मात्रा आपल्या अक्षराला चिकटलेलीच राहते. ती सुटी होऊन दुसऱ्या अक्षरावर जाऊन बसत नाही. ही अट पुढे आपल्या फार उपयोगी पडणार आहे.

आता वरची चार अक्षरे घ्या. पहिल्या जागी चारांपैकी कोणतेही अक्षर येऊ शकते. ते ठेवल्यावर दुसऱ्या जागेसाठी तीन उरतात, तिसऱ्यासाठी दोन आणि शेवटच्या जागी उरलेले एक. म्हणून एकूण जुळण्या 4 × 3 × 2 × 1 = 24. पाच अक्षरे असतील तर 120 आणि सहा असतील तर 720. अक्षर एकाने वाढले, पण ढीग पाचपट, सहापट झाला. अंदाजाने सोडवणारा इथेच हरतो.

या 24 जुळण्या सगळ्या लिहून काढता येतील. पण त्याची गरज नाही. अक्षरांच्या ओळखीच्या जोड्या शोधा. 'घ' आणि 'र' यांचे 'घर' होते, 'घा' आणि 'ट' यांचे 'घाट'. 'घर' शेवटी ठेवले तर त्याआधी दोनच प्रकार संभवतात : 'घाटघर' आणि 'टघाघर'. 'घाट' शेवटी ठेवला तरी दोनच : 'घरघाट' आणि 'रघघाट'. निरर्थक दोन टाकून दिले की 'घाटघर' आणि 'घरघाट' उरतात. अक्षरे इथवरच नेऊ शकतात. यांपैकी गावाचे नाव कोणते हे नकाशाच सांगेल : घाटघर हे नाणेघाटाच्या माथ्यालगतचे गाव आहे.

पक्क्या चाळण्या

आता त्या घाटाचेच नाव घेऊ. अक्षरे अशी : णे, घा, ट, ना. सूचक वाक्य : 'जुन्नरहून कोकणात उतरणारी सातवाहनकालीन वाट'. पुन्हा 24 जुळण्या. पण या वेळी एक नवी गोष्ट हाताशी आहे. मराठीतील रोजच्या वापराचा कोणताही शब्द 'ण' किंवा 'ळ' या अक्षराने सुरू होत नाही. त्यांच्यावर कोणतीही मात्रा असो, ही अक्षरे शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी येतात, आरंभी येत नाहीत. म्हणून 'णे'पासून सुरू होणाऱ्या 6 जुळण्या एकदम बाद. उरल्या 18. सूचक वाक्यात वाट आहे, तेव्हा शेवटी 'घाट' असेल असे धरून पाहा. मग आधी 'नाणे' किंवा 'णेना'. 'णेना' तर आधीच बाद झालेला आहे. उत्तर एकच उरले : नाणेघाट.

'ण' आणि 'ळ' यांची चाळणी पक्की म्हणता येईल, कारण ती जवळपास कधीच फसत नाही. अशीच दुसरी पक्की चाळणी आपल्या शुद्धलेखनात आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम 1962 साली शासनमान्य झाले. त्यांतील एक नियम तुम्ही शाळेत शिकलाच असाल : शब्दाच्या शेवटी येणारा इकार किंवा उकार दीर्घ लिहावा. पाटी, वाळू, कवी, गुरू ही त्याची उदाहरणे. परीक्षेत गुण मिळवण्यापुरताच हा नियम आहे असे समजू नका. कोडे सोडवणाऱ्याला तो सांगतो की, दिलेल्या अक्षरांत 'हि', 'कु', 'शि' असे ऱ्हस्व अक्षर असेल तर ते शब्दाच्या शेवटी असणार नाही. 'आणि', 'परंतु' यांसारखे मोजके शब्द याला अपवाद आहेत. पण ते ओळखीचे असल्याने फसवत नाहीत.

शेवटापासून सुरुवात

तिसरी चाळणी शब्दाच्या शेवटाची. शब्दांचे आरंभ असंख्य प्रकारचे असतात. शेवट मात्र थोडे आणि ठरावीक असतात. क्रियापदाचे मूळ रूप 'णे'ने संपते. गुणाचे नाव 'पणा' किंवा 'ता'ने संपते, गावाचे नाव 'वाडी', 'गाव', 'पूर' यांनी, तर किल्ल्याचे पुष्कळदा 'गड'ने. म्हणून कोडे सोडवताना शब्दाच्या डोक्याकडून नव्हे, शेपटीकडून सुरुवात करणे फायद्याचे असते. शेपटी कोणती हे सूचक वाक्याचे व्याकरणच सांगते. वाक्य क्रियेचे असेल तर उत्तर क्रियापद असणार, वाक्य अनेकवचनी असेल तर उत्तरही अनेकवचनी असणार.

एक उदाहरण सोडवू. अक्षरे : ड, णे, प, ध, ड. सूचक वाक्य : 'यश मिळावे म्हणून खटपट करणे'. येथे 'ड' दोनदा आला आहे. पाच अक्षरांच्या 120 जुळण्या होतील असे वाटते. पण दोन 'ड' एकमेकांच्या जागी ठेवले तर शब्द बदलत नाही. प्रत्येक जुळणी दोनदा मोजली गेली आहे, म्हणून 120 ला 2 ने भागायचे. खऱ्या जुळण्या 60. एखादे अक्षर तीनदा आले असते तर त्याच कारणाने 3 × 2 × 1, म्हणजे 6 ने भागावे लागले असते. अक्षराची पुनरावृत्ती कोडे अवघड करत नाही, सोपे करते.

आता 'णे' शेवटी ठेवा. उरलेल्या ध, ड, प, ड यांच्या जुळण्या 24 भागिले 2, म्हणजे 12. त्या सर्व अशा : धडपड, धडडप, धपडड, डधपड, डधडप, डपधड, डपडध, डडधप, डडपध, पधडड, पडधड, पडडध. ही यादी लिहायला एक मिनिटही लागत नाही आणि तिच्यात उत्तर डोळ्यांसमोर उभेच राहते : धडपडणे. 60 वरून 12 वर येण्यासाठी आपण फक्त एक अक्षर जागेवर बसवले.

यादी लिहिताना एक शिस्त पाळा. आधी 'ध'पासून सुरू होणाऱ्या सर्व जुळण्या, मग 'ड'पासूनच्या, मग 'प'पासूनच्या, असे क्रमाने जा. शब्दकोशातील शब्द जसे क्रमाने येतात तसेच. असे केले तर एकही जुळणी सुटत नाही आणि एकही दोनदा येत नाही. शेवटी मोजून पाहा. 12 ऐवजी 11 भरल्या तर कुठे तरी एक राहिली आहे हे लगेच कळते.

120 मधून एक

आता सर्व चाळण्या एकत्र वापरून एक कोडे शेवटपर्यंत सोडवू. अक्षरे : डा, हि, बा, र, ळ. सूचक वाक्य : 'घाटमाथ्यावरच्या रानात मिळणारे, वाळवून औषधासाठी विकले जाणारे कोवळे फळ'.

पहिले काम म्हणजे ही अक्षरे कागदावर ओळीने न लिहिता वर्तुळात मांडणे. ओळीत लिहिली की डोळा 'डाहिबारळ' असा एक खोटा शब्द वाचतो आणि त्यातच अडकतो. वर्तुळात आरंभ नसतो आणि शेवटही नसतो. त्यामुळे कोणतीही दोन अक्षरे एकमेकांशेजारी पाहणे सोपे जाते.

पाच वेगवेगळी अक्षरे, म्हणून ढीग 120 चा. पहिली पक्की चाळणी : 'ळ' आरंभी नाही. 'ळ'पासून सुरू होणाऱ्या जुळण्या 24. दुसरी पक्की चाळणी : ऱ्हस्व 'हि' शेवटी नाही. 'हि'ने संपणाऱ्या जुळण्याही 24. मग 120 मधून 48 वजा करायच्या का? थांबा. ज्या जुळण्या 'ळ'ने सुरू होतात आणि 'हि'ने संपतातही, त्या आपण दोन्हीकडे मोजल्या आहेत. मधल्या तीन जागी उरलेली तीन अक्षरे 6 प्रकारे बसतात, म्हणजे अशा जुळण्या 6. तेव्हा बाद होणाऱ्या जुळण्या 24 + 24 − 6 = 42. उरल्या 78.

तिसरी चाळणी शुद्धलेखनाच्याच दुसऱ्या एका नियमाची. शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीच्या, म्हणजे उपान्त्य अक्षराचा इकार-उकार दीर्घ असतो : वकील, गरीब, फूल. आपल्याकडे अकारान्त अक्षरे दोन आहेत, 'र' आणि 'ळ'. ती शेवटी आली तर उपान्त्य जागी 'ही' हवा. आपल्याकडे तर 'हि' आहे. म्हणून '…हिर' आणि '…हिळ' असे शेवट चालणार नाहीत. '…हिर' शेवटाच्या जुळण्या 6. पण त्यांपैकी 'ळ'ने सुरू होणाऱ्या 2 आधीच गेल्या आहेत, म्हणून आता बाद 4. '…हिळ' शेवटाच्या 6 बाद. एकूण 10 गेल्या, 68 उरल्या. या चाळणीपुढे मात्र पेन्सिलीने एक लहान प्रश्नचिन्ह करून ठेवा. ते का, हे पुढे सांगतो.

आता शेपटी. 'फळ' म्हटल्यावर आवळा, बेहडा, आंबा अशी आकारान्त नावे आठवतात. आपल्याजवळ आकारान्त अक्षरे 'डा' आणि 'बा'. हा नियम नव्हे, नुसता कल आहे. म्हणून इथेही प्रश्नचिन्ह. आधी 'डा' शेवटी धरून पाहू. नाहीच जमले तर 'बा' धरू आणि तेही नाही जमले तर '…र' व '…ळ' या शेवटांकडे परत येऊ. 'डा' शेवटी बसवल्यावर बा, हि, र, ळ यांच्या 24 जुळण्या. त्यांतील 'ळ'ने सुरू होणाऱ्या 6 वगळून 18. त्या क्रमाने अशा :

'बा'ने सुरू होणाऱ्या : बाळहिरडा, बाळरहिडा, बाहिळरडा, बाहिरळडा, बारळहिडा, बारहिळडा.

'हि'ने सुरू होणाऱ्या : हिबाळरडा, हिबारळडा, हिळबारडा, हिळरबाडा, हिरबाळडा, हिरळबाडा.

'र'ने सुरू होणाऱ्या : रबाळहिडा, रबाहिळडा, रळबाहिडा, रळहिबाडा, रहिबाळडा, रहिळबाडा.

सूचक वाक्यातील 'कोवळे' हा शब्द पुन्हा वाचा. कोवळे म्हणजे बाळ. यादीत 'बाळ'ने सुरू होणाऱ्या दोनच जुळण्या आहेत आणि त्यांपैकी एकीत 'हिरडा' स्पष्ट दिसतो. उत्तर : बाळहिरडा. हिरड्याची पूर्ण न वाढलेली फळे वाळवली की त्यांना बाळहिरडा म्हणतात. जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांच्या पश्चिम भागातील अनेक कुटुंबे तो रानातून गोळा करून विकतात. ज्याच्या घरी हिरडा वाळत घातलेला असतो त्या मुलाला हे उत्तर चाळणीशिवायही सापडेल. शहरातल्या मुलाने हा शब्द कधी ऐकलाच नसेल, तर तो मात्र यादीपर्यंत नक्की पोहोचेल, यादीतून 'हिरडा' ओळखेल आणि मग शब्दकोश उघडून खात्री करून घेईल. चाळणीची मर्यादा इथे दिसते : ती ढीग लहान करते, पण शब्द ओळखण्याचे काम ती आपल्यासाठी करू शकत नाही.

चाळणी फसते तेव्हा

आता त्या प्रश्नचिन्हाविषयी. पुढील कोडे पाहा. अक्षरे : ध, न, जी, व. सूचक वाक्य : 'घाटघरजवळचा किल्ला'.

वरचे नियम जाणणारा हुशार विद्यार्थी असा विचार करील. 'जी' दीर्घ आहे. वाळू, पाटी, वकील, फूल यांवरून दिसते की, दीर्घ इकार-उकार शब्दाच्या शेवटच्या दोन जागीच येतात. म्हणून 'जी' तिसरा किंवा चौथा हवा. 24 पैकी निम्म्या, म्हणजे 12 जुळण्या उरल्या. त्या तो लिहून काढतो : धनजीव, नधजीव, धवजीन, वधजीन, नवजीध, वनजीध, धनवजी, धवनजी, नधवजी, नवधजी, वधनजी, वनधजी. यांत किल्ल्याचे नाव एकही नाही!

तो जर म्हणाला की कोडेच चुकीचे छापले आहे, तर ते बरोबर होणार नाही. यादी पूर्ण आहे आणि तरी उत्तर नाही, याचा अर्थ एखाद्या चाळणीतून खरे उत्तरच गळून पडले आहे. मग मागे जायचे आणि ज्या चाळणीपुढे प्रश्नचिन्ह आहे ती काढून टाकून पुन्हा पाहायचे. इथे एकच चाळणी वापरली होती, 'दीर्घ अक्षर शेवटच्या दोन जागी'. ती काढली की 'जी' पहिल्या जागी ठेवता येतो, 'जीव' ही जोडी दिसते आणि उत्तर मिळते : जीवधन.

ही चाळणी का फसली? उपान्त्य अक्षराविषयीचे नियम मराठीच्या घरच्या शब्दांसाठी आहेत. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले तत्सम शब्द आपले मूळचे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळतात. म्हणून 'जीवन'मधील 'जी' पहिल्या जागी असूनही दीर्घ राहतो आणि 'मंदिर'मधील 'दि' अकारान्त अक्षराच्या आधी असूनही ऱ्हस्व राहतो. दुसरे कारण म्हणजे जोडशब्द. 'दूधवाला' या शब्दात 'दूध' आपले दीर्घत्व घेऊनच येतो. 'जीवधन'मध्ये तत्सम शब्द आहे आणि जोडशब्दही आहे, म्हणजे दोन्ही कारणे एकत्र आली आहेत.

यातून कामाचा क्रम ठरतो. 'ण' आणि 'ळ' आरंभी नाही, ऱ्हस्व शेवटी नाही, या पक्क्या चाळण्या आधी लावायच्या आणि त्यांनी जे बाद झाले ते शाईने खोडायचे. उपान्त्य अक्षराचा नियम, शेपटीचा कल, ओळखीच्या जोड्या या कच्च्या चाळण्या नंतर लावायच्या आणि त्यांनी जे बाद झाले ते पेन्सिलीने खोडायचे. यादी संपूनही उत्तर मिळाले नाही, तर शेवटी लावलेली कच्ची चाळणी आधी काढायची. पक्क्या आणि कच्च्या चाळण्या एकाच शाईने वापरल्या तर परत कुठवर जायचे हेच कळत नाही आणि माणूस पुन्हा अंदाजावर येतो.

केप्लरचे उत्तर

उलट दिशेनेही फसगत होते. उत्तर मिळते, सर्व अक्षरे चपखल बसतात आणि तरीही ते चूक असते. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण खगोलशास्त्रातले आहे.

1610 साली गॅलिलिओला दुर्बिणीतून शनी काहीसा विचित्र दिसला. मधल्या मोठ्या गोलाच्या दोन बाजूंना दोन लहान गोल चिकटल्यासारखे दिसत होते. शोध आपला आहे हे नोंदवायचे, पण खात्री होईपर्यंत तो उघड करायचा नाही, अशा हेतूने त्याने एक लॅटिन वाक्य रचले, त्यातील 37 अक्षरे उलटसुलट केली आणि ती पाठवून दिली. ती प्रागमध्ये केप्लरच्या हाती पडली. मूळ वाक्याचा अर्थ असा होता : 'सर्वांत उंचावरचा ग्रह तिहेरी असल्याचे मी पाहिले.'

37 अक्षरांचा ढीग केवढा असेल? पुनरावृत्त अक्षरांसाठी भागाकार केल्यावरही जुळण्यांची संख्या 34 अंकी येते. केप्लरजवळ सूचक वाक्य नव्हते. पण मनात एक समजूत होती. पृथ्वीला एक चंद्र, गॅलिलिओला गुरूभोवती सापडलेले चार, तेव्हा मधल्या मंगळाला दोन असावेत, असे त्याला वाटत होते. त्या समजुतीच्या चाळणीतून त्याने वाक्य जुळवले. त्याचा अर्थ साधारण असा : 'मंगळाच्या जुळ्या अपत्यांनो, नमस्कार!'

लॅटिनमध्ये त्या काळी 'यू' आणि 'व्ही' एकच अक्षर मानत. तसे धरून दोन्ही वाक्यांतील अक्षरे मोजून पाहिली तर एकूण एक जुळतात : दोन्हींत 'ए' चारदा, 'एम' पाचदा, 'एस' तीनदा आणि बाकीचीही तशीच. म्हणजे केप्लरने एकही अक्षर वाया घालवले नाही, एकही जास्तीचे घेतले नाही. तरीही उत्तर चूक होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात गॅलिलिओने खरे वाक्य कळवले.

चूक आधी ओळखता आली असती का? एक खूण होती. केप्लरच्या वाक्यातील एक शब्द धड लॅटिन नव्हता. अक्षरे संपवण्यासाठी तो ओढूनताणून बनवलेला होता. आपल्या कोड्यांतही हीच खूण उपयोगी पडते. शेवटची दोन अक्षरे बसवण्यासाठी कधी न ऐकलेला शब्द मान्य करावा लागत असेल, तर संशय घ्यावा आणि शब्दकोश पाहावा.

या गोष्टीला पुढे दोन गमतीचे फाटे फुटले. 1877 साली असफ हॉल याला मंगळाचे चंद्र सापडले आणि ते खरोखरच दोन निघाले. म्हणून केप्लरचे उत्तर बरोबर ठरत नाही. त्याने सोडवलेले कोडे शनीचे होते, आणि मंगळाविषयीचा त्याचा अंदाज योगायोगाने खरा ठरला. गॅलिलिओला दिसलेले दोन लहान गोल म्हणजे वास्तविक शनीचे कडे होते, हे हायगेन्सने 1659 मध्ये स्पष्ट केले. म्हणजे कोड्याचे खरे उत्तर मिळाल्यावरही त्या उत्तरातील शनी तिहेरी नव्हताच!

म्हणून उत्तर मिळाल्यावर तीन प्रश्न विचारा. प्रत्येक अक्षर एकदाच आणि मात्रेसकट वापरले आहे का? शब्द शब्दकोशात किंवा नकाशात आहे का? आणि तो सूचक वाक्याच्या प्रत्येक शब्दाला लागू पडतो का? केप्लरचे वाक्य पहिल्या प्रश्नाला पुरेपूर उतरले असते, दुसऱ्याला अडखळले असते. आणि तिसरा प्रश्न विचारायला त्याच्याजवळ सूचक वाक्यच नव्हते.

तुम्ही सोडवा

प्रत्येक कोड्यात आधी ढीग मोजा, मग पक्क्या चाळण्या लावा आणि किती उरल्या ते लिहा.

1. री, व, शि, ने — शिवाजी महाराजांचे जन्मस्थान.

2. डो, णि, ह, मा, क — कुकडी नदीवरील धरण.

3. ग, द्र, ह, श्चं, ड, रि — कोकणकडा असलेला किल्ला.

उत्तरे : (1) शिवनेरी. 24 जुळण्यांपैकी 'शि' शेवटी नाही, म्हणून 18 उरतात. 'री' शेवटच्या दोन जागीच आणि तिसऱ्या जागी असेल तर तिच्यापुढे अकारान्त 'व'च, ही कच्ची चाळणी लावली की 8 उरतात. (2) माणिकडोह. 'णि' आरंभी नाही, कारण त्यात 'ण' आहे. शेवटीही नाही, कारण ती ऱ्हस्व आहे. मधल्या तीन जागांपैकी एकीवर ती बसते, म्हणून 120 पैकी 72 उरतात. 'डोह' ही शेपटी बसवली की 'णि' दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागी येते आणि फक्त 4 उरतात. (3) हरिश्चंद्रगड. 720 पैकी 'गड' ही शेपटी बसवली की 24 उरतात. 'श्चं' हे जोडाक्षर आरंभी येत नाही, म्हणून 18. या कोड्यात 'रि' शेवटी नाही या चाळणीने आणखी काही गळते का, ते स्वतः पडताळून पाहा.